तिसाच्या चार साखळ्या

माझ्या नातवंडांना भुताची भीती वाटते, मला खडूची वाटत आली आहे. हसू येतं ना? पण हातात खडू, समोर काळा फळा, पाठीशी तीन अनोळखी माणसं खुर्च्यांवर बसलेली, आणि त्यातला एकजण अगदी शांत आवाजात विचारतोय, "चौथा कुठे आहे?" हे ज्याच्या वाट्याला आलं नाही, त्याने मला भीतीबद्दल शिकवू नये.

सत्तरच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. जळगावला आमचं दाणाबाजारात धान्याचं दुकान. आम्ही मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या खानदेशातच गेल्या. घरात मारवाडी, शाळेत मराठी, आणि दुकानावर बाबूजी गिऱ्हाइकाशी त्याच्याच बोलीत बोलायचे. तराजू स्थिर झाला की "बठ्ठं बराबर शे", सगळं बरोबर आहे, असं म्हणायचे, ते आम्हाला घरात ऐकू यायचं. आम्ही दोघी बहिणी. मी मोठी, म्हणून जीजी. धाकटी माझ्याहून दीड वर्षाने लहान आणि माझ्याहून हुशार. हे मी विनयाने म्हणत नाही, विनय माझ्या अंगात नाहीच. ती होतीच हुशार.

मी बी.एस्सी. झाले त्याच सुमाराला आमच्या कॉलेजात गणिताचा एम.एस्सी.चा वर्ग सुरू झाला. बाबूजींनी एका वाक्यात निकाल दिला. "जळगावात आहे तोवर शिका. पुण्याला पोरी पाठवायच्या नाहीत." त्यावर अपील नव्हतं. आई मधे पडायची नाही आणि पडली तरी उपयोग नव्हता. म्हणजे माझं आणि धाकटीचं सगळं शिक्षण त्या एका वर्गखोलीवर टांगलेलं होतं. धाकटी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, पुढच्या जूनला ती माझ्या मागोमाग येणार होती. माझ्या वह्या ती आधीच उतरवून घेत होती. मी वर्गातून आले की चहाच्या आधी तिला त्या दिवसाचं गणित द्यावं लागे, नाहीतर बाईसाहेब तोंड फुगवून बसायच्या.

वर्गाला मान्यता होती ती एका वर्षाची, तात्पुरती. वर्षाअखेरी विद्यापीठाची समिती येणार, बघणार आणि ठरवणार. नको म्हणाली की वर्ग बंद. मुलं पुण्याला गेली असती, खोली करून राहिली असती. वर्गात मुलगी मी एकटी होते, आणि मी घरी बसले असते.

शिकवणारे सर धुळ्याकडच्या खेड्यातले. फार मोठा माणूस, पण कोटाची बाही कायम खडूने माखलेली. आनंद झाला किंवा घाबरले की त्यांची अहिराणी बाहेर पडायची, एरवी शुद्ध मराठी आणि बेताची इंग्रजी. त्यांनी आम्हाला क्रमित संचांचा विषय ऐच्छिक म्हणून लावला होता, कारण तो त्यांच्या जिवाचा होता. कुणी म्हणेल, जळगावात केळी आणि कापूस सोडून हे कुठलं खूळ? पण मला तो विषय पहिल्या दिवसापासून आवडला, कारण त्यात सुरुवातीला फक्त भागाकार यावा लागतो.

सरांनी सुरुवात बारापासून केली. बाराचे विभाजक लिहा. एक, दोन, तीन, चार, सहा, बारा. आता एका आकड्याने दुसऱ्याला निःशेष भाग जात असेल तर पहिला खालचा, दुसरा वरचा. दोनाने चाराला भाग जातो, चाराने बाराला जातो, म्हणून एक, दोन, चार, बारा ही झाली साखळी. साखळीतल्या कुठल्याही दोघांचं पटतं, एकाने दुसऱ्याला भाग जातोच. आता उलटं बघा. चार आणि सहा. चाराने सहाला भाग जात नाही, सहाने चाराला जाण्याचा प्रश्नच नाही. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. अशा एकमेकांना न ओळखणाऱ्यांच्या घोळक्याला सर 'प्रतिसाखळी' म्हणायचे. पुस्तकात तो इंग्रजीत होता, मराठी शब्द त्यांनी घरी बसून केला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

मग खरा प्रश्न. सगळे विभाजक साखळ्यांमध्ये वाटून टाकायचे, एकही बाहेर राहता कामा नये. कमीत कमी किती साखळ्या लागतील? बाराला दोन पुरतात: एक, दोन, चार, बारा ही एक, आणि तीन, सहा ही दुसरी. एकीत भागणार नाही, कारण चार आणि सहा एका साखळीत बसूच शकत नाहीत. आणि तीन जणांची प्रतिसाखळी सापडणार नाही, कारण साखळ्या दोनच आहेत. कुठलेही तीन आकडे घ्या, दोन तरी एकाच साखळीतले निघणार, आणि तिथे एकाने दुसऱ्याला भाग जाणार. सर टेबलावर हात आपटून म्हणायचे, "दोन्हीकडून दाबत या! प्रतिसाखळी म्हणते, इतक्या तरी साखळ्या लागतीलच. साखळ्या म्हणतात, प्रतिसाखळी याच्यापुढे जाणारच नाही. दोन्ही आकडे एक झाले की हात झटकून मोकळे." आणि सिद्धांत असा की ते एक होतातच, नेहमी. कमीत कमी साखळ्या आणि मोठ्यात मोठी प्रतिसाखळी, आकडा एकच. जगात इतकं नेटकं काही असतं यावर माझा विश्वास बसेना.

समिती येणार म्हटल्यावर सरांनी सांगितलं की समितीतले गणिताचे तज्ज्ञ वर्गात बसतात आणि एखाद्या विद्यार्थ्याला फळ्यावर उभं करतात. ते कुणाला, हे सर ठरवणार होते. त्यांनी मला उभं केलं. मुलं हसली. एक म्हणाला, "सर, ती रडली तर?" मी म्हटलं, "रडले तर तुझ्याच रुमालात रडेन, धुऊन आण." बोलायला काय जातं? घरी येईपर्यंत मी बाराचे विभाजक दहादा पुटपुटले.

घरी धाकटी आणि मी गच्चीवर उजळणी करायचो. ती तज्ज्ञ व्हायची, पाटावर बसायची, चष्मा नसताना नाकावरचा चष्मा सरकवायची. मी बारा करून दाखवलं. ती म्हणाली, "तू पहिली साखळी एक, दोन, चार, बारा का घेतलीस?"

"लांबात लांब आधी घ्यायची. सोपं पडतं."

"मग एक, दोन, सहा, बारा घे. तीही तेवढीच लांब आहे."

मी घेतली. खाली उरले तीन आणि चार. तिनाने चाराला भाग जात नाही. दोघांना वेगवेगळ्या साखळीत बसवावं लागलं, आणि साखळ्या झाल्या तीन. प्रतिसाखळी तर दोनचीच. सिद्धांत चुकला की मी?

धाकटी अगदी सहज म्हणाली, "सिद्धांत म्हणतो कमीत कमी. तू कमीत कमी केल्याच नाहीस. साखळी लांब घेऊन काय कामाची, मागे उरलेल्यांना सोबती राहायला हवा ना."

मी चिडले. "मी ती साखळी घेणारच नाही. बारा मला पाठ आहे, बाराच करणार." अशी मी. विषय समजून घेण्यापेक्षा त्या घटकेला मला फक्त समिती निभावायची होती.

समितीच्या आदल्या दिवशी आणखी एक भीती दारात उभी राहिली, आणि ती एस.टी.ने आली. आमच्या ग्रंथालयात गणिताची पुस्तकं म्हणाल तर दोन फळ्या. समिती येणार म्हणून सरांनी धुळ्याच्या एका कॉलेजातल्या आपल्या मित्राकडून पुस्तकं उसनी मागवली. त्या काळी असं चालायचं, आज यांची समिती, उद्या त्यांची, पुस्तकं आपली पोत्यात बसून गावोगाव प्रवास करायची. ती पोती आम्हीच उघडली, पुस्तकं पुसली, कपाटात उभी केली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर धुळ्याचा जांभळा शिक्का. मुलांनी शिक्क्यांवर कोरा कागद चिकटवला. सर दारात उभे राहून बघत होते. चेहऱ्यावर असं काही होतं की मला बघवेना. ते हळूच म्हणाले, "काय करी ऱ्हायनू मी!" काय करतोय मी, हे त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं.

खळ ओली होती. उद्यापर्यंत वाळेल की नाही याची चर्चा चालू होती. मला मात्र वाटत होतं की चोरी पकडली जाणार, वर्ग जाणार, आणि मी पाठ केलेलं बारा वाया जाणार.

समिती आली ती तीन जणांची. अध्यक्ष वयस्कर, छत्री घेऊन आलेले, उन्हाने वैतागलेले. दुसरे विद्यापीठाच्या कचेरीतले, हातात कागद. तिसरे गणिताचे तज्ज्ञ, पुण्याचे. बारीक, उंच, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. मोठ्याने ओरडणाऱ्याची भीती मला कधीच वाटली नाही, दुकानात जन्म गेला आमचा. पण हळू बोलणाऱ्याची वाटते.

पद्धत अशी की समिती वर्गात असताना शिकवणाऱ्याने शेवटच्या बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी फळ्याकडे गेले. अध्यक्षांनी छत्री खुर्चीला टेकवली, ती घसरून पडली, आणि त्या आवाजाने माझ्या हातातला खडू मोडला.

मी इंग्रजीत पाठ केलेलं सुरू केलं. साखळी कशाला म्हणतात, प्रतिसाखळी कशाला. मग म्हटलं, उदाहरणार्थ बारा.

"बारा फार सोपं आहे," तज्ज्ञ मराठीत म्हणाले. "तीस घ्या."

तीस! मी तीस कधी केलंच नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला दार दिसत होतं, आणि दारातून पळून जायला काय हरकत आहे असं मनात आलं. पण दारापाशी कचेरीवाले बसले होते.

मी विभाजक लिहिले. एक, दोन, तीन, पाच, सहा, दहा, पंधरा, तीस. आठ. हात सवयीने चालला: लांबात लांब आधी. एक, दोन, सहा, तीस. ओळ मारली. उरले तीन, पाच, दहा, पंधरा. पाचाने पंधराला भाग जातो. पाच, पंधरा, ही दुसरी. उरले तीन आणि दहा. तिनाने दहाला भाग जात नाही. तीन एकटा, ही तिसरी. दहा एकटा, ही चौथी. मी ओळी मोजल्या आणि मोठ्या आवाजात म्हणून टाकलं, "चार साखळ्या."

"बरं. मग प्रतिसाखळी?"

"दोन, तीन, पाच." ते तर डोळ्यांसमोर होते. तिघे मूळ संख्या, कुणाचा कुणाला भाग जात नाही.

"हे तीन झाले. तुम्ही आत्ता सिद्धांत सांगितलात की दोन्ही आकडे सारखे असतात. चौथा कुठे आहे?"

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. दोन, तीन, पाचाच्या सोबत चौथा कोण? सहाला दोनाने भाग जातो. दहालाही दोनाने. पंधराला तिनाने. एकाने तर सगळ्यांनाच. वरून घेऊन बघितलं: सहा, दहा, पंधरा. हेही एकमेकांना ओळखत नाहीत, पण तेही तीनच. यांच्यात पाच घालावा तर पाचाने दहाला भाग जातो. तीन घालावा तर सहाला. चौथा नाही. कुठेच नाही. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, कागदावर एक ओळ लिहील, आणि मी आणि धाकटी दोघी घरी. माझ्या एका खडूच्या ओळीने!

मी एकदा मागे वळून सरांकडे बघितलं. ते दोन्ही हातांनी बाक धरून बसले होते. ओठ घट्ट. डोळे माझ्याकडे नव्हते, फळ्यावरच्या पंधरावर होते. इशारा म्हणावा तर नाही. त्या माणसाने असल्या बाबतीत मला मरू दिलं असतं पण इशारा केला नसता. पण मी पंधराकडे बघायला लागले.

आणि धाकटीचं बोलणं आठवलं, उरलेल्यांना सोबती राहायला हवा. दहाला कोण सोबती? खाली पाच होता, पण पाच तर मी पंधराला देऊन बसले होते. पंधराला दुसरा कोण चालेल? तीन! तिनाने पंधराला भाग जातो. तीन तर तिथे एकटाच बसला होता.

मी डस्टर शोधला नाही, तळहातानेच पाच-पंधराची ओळ पुसली. पंधरा तिनाला जोडला. दहा पाचाला जोडला. तीन, पंधरा. पाच, दहा. आणि वरची एक, दोन, सहा, तीस. साखळ्या तीन! एकही आकडा बाहेर नाही.

"मी आधी केल्या त्या कमीत कमी नव्हत्या," मी म्हटलं. "चार चुकीच्या. तीन पुरतात."

"तीनपेक्षा कमी का नाही?"

"दोन, तीन आणि पाच. यातले कुठलेही दोघे एका साखळीत बसत नाहीत. तिघांना तीन साखळ्या लागणारच."

"आणि चौथा? मी अजून शोधतोय."

"मिळणार नाही, सर. साखळ्या तीन आहेत. चार आकडे घेतले तर दोघे एकाच साखळीतले येतील आणि एकाने दुसऱ्याला भाग जाईल. चौथा नाहीच." हे म्हणताना मला भयंकर राग आला होता. नसलेल्या चौथ्याच्या मागे मला इतका वेळ पळवलं! भीती असताना राग येतो हे मला त्या दिवशी कळलं.

ते किंचित हसले की काय कोण जाणे. म्हणाले, "बाराला मूळ अवयव दोन, साखळ्या दोन. तिसाला मूळ अवयव तीन, साखळ्या तीन. म्हणजे जितके वेगवेगळे मूळ अवयव तितक्या साखळ्या, असा नियम लिहू?"

हो म्हणावंसं वाटलं. देवाशप्पथ वाटलं. हो म्हटलं की संपलं, बसायला मिळालं. जीभ टाळूपर्यंत गेली होती. पण दुकानदाराची पोर मी, कुणी गोड बोलून भाव सांगितला की आधी शंका येते. मी म्हटलं, "साठ करून बघते."

साठाचे विभाजक बारा. या वेळी मी ते एका ओळीत नाही लिहिले. सर कधीकधी थरांनी लिहायचे, तसे लिहिले: तळाला एक. त्यावर एकेका मूळ अवयवाचे, दोन, तीन, पाच. त्यावर दोनदोन अवयवांचे, चार, सहा, दहा, पंधरा. त्यावर तीन अवयवांचे, बारा, वीस, तीस. वर साठ. मग मधला थर बघितला. चार, सहा, दहा, पंधरा. चौघेही एकमेकांना अनोळखी. साठालाही मूळ अवयव तीनच, दोन, तीन, पाच, आणि प्रतिसाखळी मात्र चारची!

"नाही, सर. नियम लिहू नका. इथे चार तरी साखळ्या लागतील."

"चार पुरतील?"

आता लांबात लांब आधी हा नाद मी सोडला होता. एकेक आकडा ठेवताना मागे कोण उरतंय ते बघत गेले. एक, दोन, चार, बारा, साठ. तीन, सहा, तीस. पाच, दहा, वीस. आणि खाली पंधरा एकटा उरला. एकटा उरला म्हणजे पुन्हा चुकलं! पण मोजलं. साखळ्या चार. प्रतिसाखळी चार. दोन्हीकडून दाबून झालं होतं. एकटा असला तरी तो चुकीचा नव्हता, त्याला तिथेच बसायचं होतं.

"पुरतात," मी म्हटलं.

"बसा," तज्ज्ञ म्हणाले. मी बसले नाही, बाकावर पडले. तळहात पांढरा झाला होता आणि पदरावर खडूचे पंजे उमटले होते. शेजारच्या मुलाने खरंच रुमाल पुढे केला. मी घेतला.

त्यानंतर ते ग्रंथालयात गेले. आम्ही व्हरांड्यात उभे. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. तज्ज्ञ बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक पुस्तक होतं आणि अंगठ्याच्या नखाने ते पहिल्या पानावरचा कागद सोलत होते. खळ वाळली नव्हती. जांभळा शिक्का हळूहळू वर आला. त्यांनी तो वाचला, पुस्तक मिटलं, सरांच्या हातात दिलं आणि पुढे चालू लागले. सरांची मान खाली. मी व्हरांड्याचा खांब धरला.

मग वाट बघणं. बाबूजी विचारायचे, "काय झालं समितीचं?" आणि मी "अजून काही नाही" म्हणायचे. त्यांना निकालाची घाई होती की भीती, ते मला तेव्हाही कळलं नाही. धाकटीला मी फळ्यावरचं सगळं सांगितलं होतं. पंधरा तिनाकडे दिला हे ऐकून ती गच्चीवर टाळ्या वाजवत नाचली होती. "मी सांगितलं होतं ना! मी सांगितलं होतं!" शिक्क्याचं मात्र मी सांगितलं नाही. सांगायला धीर झाला नाही.

एका दुपारी सरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर विद्यापीठाचं पत्र होतं. ते उठून उभे राहिले. सर कधी विद्यार्थ्यासाठी उभे राहिले नव्हते, त्यामुळे मला वाटलं संपलं.

"तुमचा वर्ग राहिला," ते म्हणाले. "तुम्ही सगळे दुसरं वर्ष इथेच करायचं. ते पुण्याचे गृहस्थ मला जाताना म्हणाले, मी बंद करायचंच ठरवून आलो होतो. या पोरीने पंधरा उचलून तिनाकडे नेला, तेव्हा म्हटलं, यांना आता मधेच हलवू नये."

मी रडले. होय, सरांसमोर रडले, आणि या खेपेला रुमालही नव्हता. दोन वर्षं पुरी होणार. पुणं नाही, घरी बसणं नाही.

सर पत्रावर बोट ठेवून उभे होते. म्हणाले, "आणि नवे प्रवेश बंद. पुस्तकं नाहीत म्हणून. ते त्यांनी बरोबरच लिहिलं आहे. पुढच्या जूनपासून वर्ग नाही."

मी घरी आले ती धावत नाही, चालत. वाटेत मला वाटत होतं की दाणाबाजार लांब गेला तर बरं. धाकटी अंगणात पाटावर मुगाचे पापड लाटत होती. माझा चेहरा बघून ती लाटणं टाकून उठली. "राहिला? जीजी, राहिला ना वर्ग?"

"राहिला."

तिने पिठाच्या हातांनी मला मिठी मारली, गोल फिरवलं, आईला हाक मारली. मी तिला सोडवून घेतलं. फळ्यापुढे वाटली होती त्याहून जास्त भीती मला तेव्हा वाटली, कारण इथे कुणी विचारत नव्हतं, मलाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "फक्त आमच्यासाठी. नवीन घेणार नाहीत."

हिशोब मांडायला तिला कधीच वेळ लागायचा नाही.

"मग माझं काय?"

मला झालेला आनंद माझ्या चेहऱ्यावर होता आणि तो मला पुसता येईना. बाबूजी पुण्याला पाठवणार नाहीत हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. आतून आईने विचारलं, गच्चीवरचे पापड वाळले का बघता का गं कुणी. धाकटी हात धुऊन गच्चीवर गेली, आणि त्या संध्याकाळी तिने माझ्याकडे वही मागितली नाही.